बटण एक, काम दुसरे

कीबोर्डवर सगळ्यात मोक्याच्या जागी, डाव्या करंगळीच्या अगदी शेजारी, कॅप्स लॉकचे ऐसपैस बटण असते. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत, त्यामुळे मराठी टंकताना या बटणाचा उपयोग शून्य. इंग्रजीतही सबंध ओळ कॅपिटलमध्ये लिहायची वेळ क्वचितच येते. उलट उपद्रव बराच: चुकून दाबले गेले की पासवर्ड चुकतो आणि कारण लवकर लक्षात येत नाही. दुसरीकडे, मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत उडी मारायला दिवसभर `Win + Space` ही जोडी दाबावी लागते. मोक्याची जागा रिकाम्या बटणाला आणि रोजचे काम दोन बटणांच्या कसरतीला, अशी ही वाटणी आहे. ती बदलता येते, आणि त्यासाठी एक ओळही प्रोग्रॅमिंग करावे लागत नाही.

हे काम करणारे साधन मायक्रोसॉफ्टचेच आहे, पण विंडोजसोबत आपोआप येत नाही. त्याचे नाव पॉवरटॉईज. विंडोज ९५ च्या काळात याच नावाने काही छोटी साधने मिळत असत. पुढे ते नाव मागे पडले आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते नव्या रूपात, फुकट आणि मुक्तस्रोत प्रकल्प म्हणून परत आणले. या पेटाऱ्यात आज पुष्कळ साधने आहेत. आपल्याला हवे ते एकच, २०२० मध्ये त्यात दाखल झालेले कीबोर्ड मॅनेजर.

त्याआधी बटणांची अदलाबदल करायचे दोन मार्ग होते. एक म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्रीत शिरून आकड्यांची एक सांकेतिक नोंद करायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. दुसरा म्हणजे ऑटोहॉटकीसारखे साधन घेऊन त्याच्या भाषेत स्क्रिप्ट लिहायची. दोन्ही मार्ग आजही चालू आहेत आणि काही बाबतींत सरसही आहेत. पण ज्याला फक्त दोन-चार बटणे बदलायची आहेत त्याने स्क्रिप्टची भाषा शिकावी, ही अपेक्षा जरा जास्तच होती.

पॉवरटॉईज मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये मिळते. ज्यांना काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची भीती वाटत नाही त्यांना ही एक ओळ पुरेल:

```
winget install Microsoft.PowerToys --source winget
```

बसवल्यावर घड्याळाशेजारी त्याचे छोटे चिन्ह दिसू लागते. त्यावरून सेटिंग्ज उघडल्या की डावीकडच्या यादीत `Keyboard Manager` सापडते. वरचा स्विच चालू केला की खाली दोन दारे दिसतात: `Remap a key` आणि `Remap a shortcut`. पहिले एकट्या बटणासाठी, दुसरे जोडीसाठी. आवृत्तीगणिक पाट्यांचे शब्द थोडे इकडेतिकडे होतात, रचना मात्र हीच.

आत शिरण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली, तर पुढे येणारी प्रत्येक अडचण आपोआप उलगडेल. आपण बटण दाबतो तेव्हा कीबोर्ड अक्षर पाठवत नाही. अमुक जागेचे बटण खाली गेले, अमुक जागेचे वर आले, एवढीच खबर तो पाठवतो. विंडोज त्या खबरेला एक क्रमांक देते आणि समोर उघड्या असलेल्या प्रोग्रॅमकडे रवाना करते. त्यातून ‘b’ उमटवायचा की ‘व’, हे त्या वेळी निवडलेल्या भाषेवर ठरते. कीबोर्ड मॅनेजर या वाटेवर, विंडोज आणि प्रोग्रॅम यांच्या मध्ये उभे राहते. टपाल कचेरीत पाकिटावरचा पत्ता खोडून नवा पत्ता घालणाऱ्या माणसासारखे त्याचे काम असते. येणारी खबर ते अडवते आणि तिच्या जागी आपण सांगितलेली दुसरी खबर पुढे पाठवते. कीबोर्डमध्ये काही बदलत नाही, विंडोजच्या मुळाशीही काही बदलत नाही. पॉवरटॉईज बंद केले की सगळी बटणे पूर्ववत.

आता कॅप्स लॉक. आधी एक खबरदारी घ्यायची: त्याचा दिवा बंद असल्याची खात्री. दिवा चालू असतानाच बटणाचे काम बदलले, तर कॅपिटल अक्षरे चालूच राहतात आणि ती बंद करणारे बटण तर आपण आत्ताच दुसऱ्या कामाला लावलेले असते. असे झालेच तर केलेली नोंद काढायची, दिवा विझवायचा आणि पुन्हा नोंद करायची.

`Remap a key` उघडून `Add key remapping` वर टिचकी मारली की एक रिकामी ओळ तयार होते. तिच्या डाव्या बाजूला ‘कोणते बटण’ आणि उजव्या बाजूला ‘त्याऐवजी काय पाठवायचे’ असे दोन भाग असतात. डावीकडे बटण सांगायचे दोन प्रकार आहेत. लांबलचक यादीतून नाव शोधायचे, किंवा निवडीचे बटण दाबून प्रत्यक्ष कीबोर्डवरचे बटण दाबून दाखवायचे. दुसरा प्रकार सोपा, पण त्यात एक गंमत आहे. बटण दाबून दाखवल्यावर आपण सवयीने एंटर दाबतो आणि नोंद होते एंटरची! कारण एंटर आणि एस्केप हीसुद्धा बदलता येण्याजोगी बटणेच आहेत. म्हणून तिथे मान्यतेसाठी एंटर क्षणभर दाबून धरावे लागते आणि रद्द करायला एस्केप दाबून धरावे लागते. माऊसने `OK` केले तर हा प्रश्नच येत नाही.

उजवीकडे `Win` आणि `Space` अशी जोडी नोंदवायची. एका बटणाला जोडी देता येते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मग वरचे `OK`. इथे एक इशारा समोर येतो: कॅप्स लॉकचे मूळ काम आता कोणत्याच बटणाकडे उरलेले नाही. हा इशारा पहिल्यांदा पाहणारा माणूस बिचकतो आणि मागे फिरतो. वास्तविक तो फक्त आठवण करून देत असतो. कॅप्स लॉक आपल्याला नकोच आहे, तेव्हा `Continue Anyway` म्हणायचे. हाच इशारा एंटर किंवा बॅकस्पेससाठी आला असता, तर मात्र थांबून विचार करायला हवा होता.

संगणक पुन्हा सुरू करायची गरज नसते, बदल त्या क्षणी लागू होतो. वर्ड किंवा नोटपॅड उघडून थोडे मराठी टंकायचे, कॅप्स लॉक दाबायचे, थोडे इंग्रजी टंकायचे, पुन्हा दाबायचे. टास्कबारवरची भाषेची खूण दर वेळी बदलली, तर काम झाले. विंडोजमध्ये दोनच भाषा बसवलेल्या असतील तर हे बटण छान उघडझाप करते. तीन असल्या तर ते एकामागून एक फिरत राहते आणि मराठीवरून इंग्रजीवर यायला मध्ये हिंदीच्या स्टेशनावर थांबावे लागते. न लागणारी भाषा किंवा एकाच भाषेचे दुसरे जास्तीचे कीबोर्ड विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमधून काढून टाकणे हाच त्यावर इलाज, पॉवरटॉईजचा त्यात काही दोष नाही.

ज्यांना भाषा बदलायची नसते आणि नुसता उपद्रव टाळायचा असतो, त्यांच्यासाठी उजवीकडच्या यादीत `Disable` ही नोंद आहे. ती निवडली की बटण मुके होते. एक्सेलवर दिवस काढणाऱ्या लोकांना ही नोंद फार जवळची वाटेल, कारण त्यांचा खरा शत्रू `F1`. घरातला मजकूर सुधारायला `F2` दाबावे लागते, घाईत बोट शेजारी पडते, मदतीची खिडकी उघडते आणि हातातले काम तुटते. हिशेबाच्या कचेऱ्यांत कीबोर्डवरून `F1` चे बटण उचकटून काढून ठेवणारी माणसे असतात, ही थट्टा नाही. त्यांनी `F1` ला `Disable` द्यावे, किंवा धीट असतील तर `F1` लाही `F2` चेच काम द्यावे, म्हणजे नेम चुकला तरी हवे तेच होईल.

मात्र एकट्या बटणाचा बदल सगळीकडे लागू होतो. `F1` फक्त एक्सेलमध्ये मुके आणि इतरत्र बोलके, असे `Remap a key` च्या खिडकीत सांगता येत नाही. तिथे प्रोग्रॅमचे नाव लिहायला जागाच नसते. ती सोय जोड्यांना आहे, आणि माझ्या मते कीबोर्ड मॅनेजरचा खरा कस तिथेच आहे.

उदाहरण हिशेबाचेच घेऊ. एका फाइलमध्ये एप्रिलपासून मार्चपर्यंत बारा महिन्यांची बारा पाने आहेत. एका पानावरून पुढच्यावर जायला एक्सेलमध्ये `Ctrl + Page Down`, मागच्यावर यायला `Ctrl + Page Up`. मोठ्या कीबोर्डवर हे सोपे असते. पण पुष्कळ लॅपटॉपवर पेज अप आणि पेज डाऊन ही स्वतंत्र बटणे नसतात, ती बाणांच्या बटणांत दडलेली असतात आणि त्यांच्यासाठी `Fn` दाबावे लागते. म्हणजे कंट्रोल, एफएन आणि बाण अशी तीन बोटांची कवायत. बारा महिन्यांचा ताळा करताना ती शेकडो वेळा करावी लागते. त्याऐवजी `Alt` आणि उजवा बाण दाबला की पुढचे पान, `Alt` आणि डावा बाण दाबला की मागचे पान, असे झाले तर?

`Remap a shortcut` उघडायचे आणि नवी ओळ घ्यायची. डावीकडे `Alt` आणि `Right`. उजवीकडे `Ctrl` आणि `Page Down`. इथे ‘दाबून दाखवा’ पद्धतीपेक्षा यादीतून निवडणे बरे, कारण यादीत ऑल्टच्या तीन नोंदी दिसतात: `Alt`, `Alt (Left)` आणि `Alt (Right)`. नुसते `Alt` निवडले तर दोन्हीकडचे चालते. `Alt (Left)` निवडले गेले तर उजवीकडचे ऑल्ट दाबल्यावर काहीच होणार नाही, आणि आपण मात्र साधन बिघडले समजून डोके खाजवत बसू. कंट्रोल, शिफ्ट आणि विन या बटणांनाही हेच लागू.

ओळीच्या शेवटी `Target App` नावाचा रकाना असतो. तो रिकामा सोडला तर बदल सगळीकडे लागू होईल, आणि इथे तो रिकामा सोडणे महागात पडेल. ब्राउझरमध्ये `Alt` आणि डावा बाण म्हणजे आधीच्या पानावर जाणे. रकाना रिकामा राहिला तर ती सोय जाईल आणि वेगळेच काही होईल: क्रोममध्ये `Ctrl + Page Up` दाबले की शेजारचा टॅब उघडतो. म्हणून रकान्यात लिहायचे:

```
excel
```

इथे प्रोग्रॅमचे पडद्यावर दिसणारे नाव चालत नाही, विंडोज त्याला आतून ज्या नावाने ओळखते ते लागते. ‘मायक्रोसॉफ्ट एक्सेल’ असे लिहिलेत तर ती ओळ मुकाट्याने पडून राहील, चूक झाल्याचेही कोणी सांगणार नाही. एक्सेलचे नाव सरळ आहे, पण वर्डचे आतले नाव `winword`, एजचे `msedge` आणि पॉवरपॉइंटचे `powerpnt`. नाव शोधायला तो प्रोग्रॅम उघडा ठेवून टास्क मॅनेजरमधल्या `Details` या भागात पाहायचे. तिथे `EXCEL.EXE` असे काही दिसेल, तेच ते नाव.

मग दुसरी ओळ, `Alt` आणि `Left` साठी, उजवीकडे `Ctrl` आणि `Page Up`. रकान्यात पुन्हा `excel`. दोन्ही ओळी झाल्या की `OK`. चाचणी दोन ठिकाणी घ्यायची. एक्सेलमध्ये पाने पुढेमागे जातात का, हे पाहायचे. लगेच ब्राउझरमध्ये जाऊन तिथे `Alt` आणि डावा बाण पूर्वीसारखाच मागचे पान दाखवतो का, हेही पाहायचे. दुसरी चाचणी लोक टाळतात, आणि चार दिवसांनी ब्राउझर विचित्र वागतो म्हणून कोणाला तरी फोन करतात.

जोडी कशी असावी याचे दोन नियम आहेत. तिची सुरुवात कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट किंवा विन यांपैकी एखाद्या बटणाने व्हायला हवी आणि शेवटी एखादे साधे बटण हवे: अक्षर, आकडा, बाण, काहीही. त्यामुळे नुसते `Alt + Shift` इथे नोंदवता येत नाही, कारण तिच्या शेवटी साधे बटण नाही. पुष्कळांच्या विंडोजमध्ये भाषा चुकून बदलते ती याच जोडीमुळे. ती बंद करायची असेल तर विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्येच जावे लागते.

उजव्या बाजूला बटणाऐवजी मजकूरही देता येतो. ओळीतल्या छोट्या यादीत `Send Text` निवडायचे आणि खाली हवा तो मजकूर लिहायचा. आपल्याकडे याचा पहिला उपयोग रुपयाच्या चिन्हासाठी. विंडोजमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ हा कीबोर्ड निवडलेला असेल, तर उजवे ऑल्ट आणि 4 दाबून ₹ उमटतो. भारतात विकले जाणारे कित्येक लॅपटॉप मात्र अमेरिकन कीबोर्डच्या मांडणीवर चालू असतात, आणि तिथे ही सोय नसते. मग लोक इंटरनेटवरून ₹ शोधून चिकटवतात, नाहीतर सरळ ‘रु.’ लिहून मोकळे होतात. त्यांनी `Ctrl + Alt + 4` या जोडीला ₹ द्यावा. चिन्ह मिळवायला विंडोजची चिन्हांची खिडकी आहे, ती `Win` आणि पूर्णविराम दाबून उघडते. तिथून एकदा ₹ घेतला की काम संपले. भाषा मराठी निवडलेली असो की इंग्रजी, हा मजकूर आहे तसाच उमटतो, कारण तो बटणाची खबर म्हणून जातच नाही, तयार अक्षर म्हणून जातो.

अशा रीतीने कचेरीचा पत्ता, पत्राखालचे ‘आपला विश्वासू’, जीएसटी क्रमांक असे काहीही एका जोडीवर बसवता येते. पासवर्ड मात्र बसवू नका. या सगळ्या नोंदी संगणकावर एका साध्या फाइलमध्ये, कोणालाही वाचता येतील अशा रूपात साठवल्या जातात.

आता बिघडलेल्या बटणाकडे वळू. पुष्कळ लोक बटणे बदलण्याच्या फंदात पडतात ते हौसेने नव्हे, असा माझा अंदाज आहे. लॅपटॉपवर चहा सांडलेला असतो, किंवा सहा वर्षे वापरून एखादे बटण मेलेले असते. समजा `B` मेले. इनस्क्रिप्ट मांडणीत त्याच बटणावर ‘व’ असतो. ‘व’ शिवाय मराठी लिहून पाहा! कीबोर्ड बदलायचा खर्च लगेच परवडत नसेल, तर उजवीकडचे कंट्रोल बहुधा रिकामेच बसलेले असते. `Remap a key` मध्ये डावीकडे `Ctrl (Right)` आणि उजवीकडे यादीतून `B`. मेलेले बटण दाबून दाखवता येणार नाही, म्हणून यादीच कामाला येते. आता उजवे कंट्रोल इंग्रजीत ‘b’ देते, शिफ्टसोबत ‘B’ देते आणि मराठी निवडली की ‘व’ देते. यामागचे कारण वर आलेलेच आहे: कीबोर्ड मॅनेजर अक्षर बदलत नाही, बटणाची खबर बदलते, आणि तिचे अक्षर करायचे काम भाषा नंतर करते.

उलटा रोगही असतो. बटण मरत नाही, अडकते, आणि पडद्यावर एकच अक्षर आपोआप उमटत राहते. अशा बटणाला `Disable` द्यायचे, की त्याची बडबड थांबते. दुकानात नेईपर्यंत तेवढे पुरते.

पण मेलेल्या `B` ची एक गोष्ट या इलाजाने सुटत नाही, आणि लोक नेमके तिथेच अडकतात. संगणक चालू केल्यावर पासवर्ड विचारला जातो तेव्हा पॉवरटॉईज अजून सुरूच झालेले नसते. खबरेचा पत्ता बदलणारा माणूस कामावर आलेला नाही, म्हणजे उजवे कंट्रोल उजवे कंट्रोलच. पासवर्डमध्ये ‘b’ असेल तर दारातच अडलो. त्या पडद्यावर कोपऱ्यात सुलभतेच्या सोयींचे चिन्ह असते. तिथून पडद्यावरचा कीबोर्ड उघडून माऊसने ‘b’ दाबता येतो. एकदा आत शिरल्यावर आकड्यांचा पिन ठेवला की ही कटकट मिटते. लॉक केलेला पडदाही याच जातीचा. तिथे आपले बदल चालत नाहीत, आणि त्यात साधन बिघडले असे काही नाही.

दुसरा असाच प्रकार म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेले प्रोग्रॅम. सगळीकडे नीट चालणारा बदल एखाद्याच खिडकीत चालत नाही, आणि ती खिडकी सोडून दुसरीकडे आलो की पुन्हा चालू होतो. ही लक्षणे दिसली की बहुधा तो प्रोग्रॅम वरच्या अधिकाराने चालू असतो. साध्या अधिकाराने चालणाऱ्या पॉवरटॉईजला अशा खिडकीच्या वाटेवर उभे राहण्याची मुभा विंडोज देत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कोणताही साधा प्रोग्रॅम वरच्या अधिकाराच्या खिडकीत हवी ती बटणे दाबू लागला असता. गरजच असेल तर पॉवरटॉईजच्या `General` पानावरून ते प्रशासक म्हणून सुरू करता येते. कचेरीच्या संगणकावर हा अधिकार आपल्याकडे नसण्याची शक्यताच जास्त. काही खेळ बटणांच्या खबरी स्वतःच्या वाटेने घेतात, तिथेही बदल लागू होतील याचा भरवसा धरू नये.

काही बटणांना तर हात लावताच येत नाही. `Ctrl + Alt + Delete` आणि `Win + L` या जोड्या विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवल्या आहेत. संगणकाला कुलूप लावणे आणि संकटात ताबा परत मिळवणे ही कामे कुठल्याही मध्यस्थाला अडवता येऊ नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. लॅपटॉपवरच्या `Fn` ची गोष्ट वेगळी. ते बटण बहुतेक वेळा कीबोर्डच्या आतच वापरले जाते, त्याची खबर विंडोजपर्यंत येतच नाही. जे पाकीट टपालात पडलेच नाही त्याचा पत्ता बदलणार कसा? `Fn` आणि `Ctrl` यांच्या जागा अदलाबदल करायची सोय काही लॅपटॉपच्या बायॉसमध्ये असते. असेल तर तिथेच पाहावी.

आणखी एक मर्यादा लॅपटॉपला बाहेरचा कीबोर्ड जोडणाऱ्यांना जाणवते. कीबोर्ड मॅनेजर दोन कीबोर्डांत फरक करत नाही. लॅपटॉपचे `B` मेले म्हणून उजव्या कंट्रोलला कामाला लावले असेल, तर बाहेरच्या धडधाकट कीबोर्डवरचे उजवे कंट्रोलही ‘b’ देऊ लागते.

कधी कधी एखादे कंट्रोल किंवा शिफ्ट अडकल्यासारखे वागते. साधे अक्षर दाबले की भलतीच आज्ञा चालते, ‘s’ दाबला की फाइल सेव्ह होते. बटण खाली गेल्याची खबर पोहोचली आणि वर आल्याची वाटेत हरवली, की असे होते. संगणक फार ताणाखाली असताना मध्यस्थाने वेळेत उत्तर दिले नाही तर विंडोज त्याच्यासाठी थांबून राहत नाही. दोन्हीकडची कंट्रोल, शिफ्ट आणि ऑल्ट एकेकदा दाबून सोडली की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. त्यापलीकडे गोंधळ झाला, अगदी एंटरच चुकून दुसऱ्या कामाला लागले, तरी माऊसने घड्याळाशेजारच्या चिन्हावरून पॉवरटॉईजमधून बाहेर पडायचे. बाहेर पडताच कीबोर्ड मूळ स्वभावावर येतो. रजिस्ट्रीच्या जुन्या मार्गात अशी सुटका नव्हती, चूक दुरुस्त करायला पुन्हा तेच आकडे आणि पुन्हा संगणक सुरू करणे आले. अर्थात त्या मार्गाची एक बाजू आजही वरचढ आहे: तो बदल पासवर्डच्या पडद्यावरही चालतो. मेलेले बटण कायमचेच तसे राहणार असेल आणि पिन ठेवायचा नसेल, तर तिकडे वळण्याला अर्थ आहे.

रोज सकाळी संगणक चालू केल्यावर बदल नाहीसे झालेले दिसले, तर `General` पानावर संगणकाबरोबर सुरू होण्याचा स्विच बंद असतो. त्याच पानावर आपल्या सगळ्या सेटिंग्जची प्रत काढून ठेवायची आणि ती परत आणायची सोयही आहे. नुसत्या बटणांच्याच नोंदी हव्या असतील तर त्या इथे असतात:

```
%LOCALAPPDATA%\Microsoft\PowerToys\Keyboard Manager\default.json
```

नवा संगणक घेताना ही फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची. नव्या यंत्रावर पॉवरटॉईज बसवून, ते बंद करून, फाइल त्याच जागी ठेवायची आणि मग ते पुन्हा सुरू करायचे. नव्या लॅपटॉपचे `B` चांगले असेल, तेव्हा उजव्या कंट्रोलची ओळ तेवढी पुसायला विसरू नका.